पाडव्याच्या शुभेच्छा, पण घरात वर्षाच्या आतलं दुःख

प्रश्न : मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. वडिलांची मावसबहीण बडोद्याला असते. आम्ही तिला बडोद्याची आत्या म्हणतो, वय ७९. लहानपणी सुट्टीत तिच्याकडे जायचो. काका कमाटीबागेतल्या छोट्या रेल्वेत बसवायचे आणि आम्ही उतरायला तयार नसलो की मुकाट्याने पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभे राहायचे. आत्याच्या गच्चीवर पापड वाळत असायचे. एका वर्षी पाडवाही तिच्याकडे झाला. कडुलिंबाची गोळी मला गिळवेना, तेव्हा तिने गुपचूप माझ्या मुठीत गूळ दिला. आता मीही मुलीला तसाच देते. पण भेटी थांबून वर्षं झाली. गेल्या श्रावणात काका गेले, ते कळूनही मी साधा फोन केला नाही. यंदा पाडव्याला तिला काहीतरी पाठवायचं आहे. मी लिहिलंय ते असं : ‘नवे वर्ष, नवी स्वप्ने, यशाची उंच उंच गुढी! आपणांस व आपल्या परिवारास नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा.’ वाचून मलाच कोरडं वाटतं. आणखी एक : माझी मुलगी जूनमध्ये बडोद्याला फाइन आर्ट्सच्या प्रवेशासाठी प्रयत्न करणार आहे. काम निघालं म्हणून आठवण आली, असं आत्याला वाटेल का?

उत्तर :

तुमचा मजकूर सोसायटीच्या ग्रुपवर टाकायला ठीक आहे. आत्याला तो पाठवू नका. कोरडेपणा हे त्यातलं लहान दुखणं आहे. मोठं दुखणं असं की तो मजकूर चुकीच्या वयाच्या माणसाला आणि चुकीच्या वर्षी चालला आहे.

आधी वयाचं बोलू. ‘नवी स्वप्ने’ आणि ‘यशाची गुढी’ नुकतंच दुकान टाकलेल्या भाच्याला शोभतात. ७९ वर्षांच्या बाईला यश कशात मिळवायचं आहे? आपल्याकडे शुभेच्छेला दिशा असते. थोरल्याने धाकट्याला आशीर्वाद द्यायचा, धाकट्याने थोरल्याला नमस्कार करून तो मागायचा. मग धाकट्याने थोरल्याचं भलं चिंतायचंच नाही का? चिंतायचं, पण स्वतः दिल्यासारखं नाही. म्हणून जुन्या पत्रांत वडीलधाऱ्यांसाठीच्या वाक्यांचा कर्ता बहुतेक वेळा वर्ष असतं किंवा देव असतो : नवे वर्ष सुखाचे जावो, ईश्वर आरोग्य देवो, मनःस्वास्थ्य लाभो. ‘तू सुखी राहा’ हे आत्याने तुम्हाला म्हणायचं. तुम्ही तिला म्हटलंत तर ती रागावणार नाही, पण ज्या पिढीने शेकड्यांनी पत्रं लिहिली आणि वाचली तिला ते क्षणभर खटकेल. एवढं सांभाळलंत की परंपरेचा निम्मा भाग झाला. त्यासाठी श्लोक किंवा यमकं लागत नाहीत.

‘आपणांस’ही काढा. प्रश्नात तुम्ही आत्याबद्दल ‘तिच्याकडे’, ‘तिने’ असंच लिहिलं आहे, म्हणजे लहानपणी तुम्ही तिला ‘अगं आत्या’च म्हणत असणार. इतक्या वर्षांनी पत्रात एकदम ‘आपण’ आलं की आदर वाढत नाही, अंतर तेवढं दिसतं. मायना रीतीचा आणि आत ‘तू’, अशीच घरगुती मराठी पत्रं असायची. ‘तीर्थस्वरूप आत्यास, साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ लिहून पुढच्या ओळीत बिनधास्त ‘तुझी आठवण येते’ लिहा.

आता वर्षाचं. काका गेल्या श्रावणात गेले, म्हणजे वर्षश्राद्ध अजून व्हायचं आहे. सुतक तेव्हाच फिटलं असलं तरी बऱ्याच घरांत वर्षभर सण साजरे करत नाहीत. कुठे गुढीच उभारत नाहीत, कुठे रीत म्हणून उभारतात पण श्रीखंड-पुरी करत नाहीत, कुठे मुलं लहान आहेत म्हणून सगळं नेहमीसारखंच चालतं. आत्याच्या घरी काय ठरलंय हे तुम्हाला माहीत नाही आणि पत्रात विचारूही नका. वडिलांना किंवा बडोद्याशी येणंजाणं असलेल्या कुणाला विचारता आलं तर उत्तम. नाही कळलं तर ‘घरात दुःख आहे’ असं धरूनच लिहावं. सण करणाऱ्या घरात शांत पत्र आलं तर काही बिघडत नाही. न करणाऱ्या घरात ‘आनंदाची गुढी’ आणि फटाक्यांची हलती चित्रं आली तर बिघडतं.

म्हणून ‘हार्दिक शुभेच्छा’ हे शब्द यंदा नकोत, आणि आनंद, जल्लोष, गोडधोड हेही नको. नमस्कार, नव्या वर्षाचा उल्लेख आणि एक साधी प्रार्थना ठेवा. एका ठिकाणी मात्र जपून. वडीलधाऱ्यांसाठी ‘उदंड आयुष्य लाभो’ ही ओळ हातातून आपसूक उतरते. नुकताच जोडीदार गेलेल्या बाईला ती बोचू शकते. ‘आता कशाला एवढं आयुष्य’ हे वाक्य अशा घरांतून मी फार ऐकलं आहे. आरोग्य आणि मनाची स्वस्थता मागा. गुडघे, शुगर, मोतीबिंदू यांतलं काही नावानिशी लिहू नका, कारण पत्र बहुधा घरातलं दुसरं कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार आहे.

न केलेला फोन. याला बगल देऊन पाडव्याचं पत्र लिहिता येणार नाही. सात-आठ महिन्यांपूर्वी नवरा गेला, भाचीने चकार शब्द काढला नाही आणि आता ती नववर्षाला उगवली, असं ते दिसेल. पण त्यावर परिच्छेदही नको. दोन छोटी वाक्यं पुरतात : कळलं होतं, फोन करायला हवा होता, केला नाही. मुलीची परीक्षा, ऑफिस, प्रकृती यांतली एकही सबब जोडू नका. सबब जोडली की समजून घेण्याचं काम समोरच्या माणसावर पडतं, आणि तिच्याकडे सध्या त्याहून मोठी कामं आहेत.

त्याच दमात काकांचं नाव घ्या. दुःखाच्या घरी गेलेल्या माणसाचा विषय टाळायचा असं आपण समजतो, आणि मग महिनोन्महिने त्या घरात त्या माणसाबद्दल कुणी बोलतच नाही. तुमच्याकडे काकांची इतकी चांगली आठवण आहे. ते दुसऱ्यांदा तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहिले, हे आत्याला कदाचित माहीतही नसेल. ‘काका फार प्रेमळ होते’ असं तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने म्हटलं असेल. रांगेतले काका मात्र फक्त तुमच्याकडे आहेत. बागेचं नावही ‘कमाटीबाग’ असंच लिहा. पाटीवर सयाजीबाग असली तरी तुमच्या आणि तिच्या तोंडातलं नाव ते आहे.

मग गुळाची आठवण. गच्चीवरचे पापड सोडून द्या. छान आहेत, पण तसे पापड प्रत्येकाच्या आत्याच्या गच्चीवर असतात, आणि त्यात आत्या काही करत नाही, नुसतं चित्र दिसतं. गुळात ती करते, तेही सगळ्यांच्या नकळत, तुमच्यासाठी. शिवाय तो प्रसंग पाडव्याचाच आहे आणि आज तुमच्या घरात चालू आहे. वैयक्तिक स्पर्श म्हणतात तो एवढाच हवा. आठवणी दोनच, एक काकांची आणि एक तिची. पाच लिहिल्यात तर ते आत्मचरित्र होईल.

मुलीबद्दल मला वाटतं ते तुम्हाला कदाचित पटणार नाही. तुमचा कल तो विषय या पत्रात न काढण्याकडे असेल. मी म्हणेन, काढा. आत्ता गप्प राहिलात आणि जूनमध्ये मुलगी दारात उभी राहिली, तर मार्चमधलं पत्र आत्या मनात पुन्हा वाचेल, आणि तेव्हा गूळही खोटा वाटेल. बातमी म्हणून एक ओळ टाका, शेवटाकडे, आणि राहण्याची सोय दुसरीकडे बघतो आहोत हे त्याच ओळीत सांगा. ‘लक्ष असू दे’, ‘कुणी ओळखीचं आहे का’ असलं काही नको. मागणं नसलेली बातमी लपवण्यासारखी नसते. फक्त वसतिगृहाचं खरंच बघत असाल तरच तसं लिहा.

हे सगळं धरून पत्र साधारण असं होईल. शब्द तुमच्या बोलण्याप्रमाणे बदला :

॥ श्री ॥

ठाणे

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

काका गेल्याचं मला श्रावणातच कळलं होतं. तेव्हा तुला फोन करायला हवा होता, मी केला नाही. काकांची आठवण निघाली की मला कमाटीबागेतली छोटी रेल्वे दिसते. फेरी संपली तरी आम्ही उतरायचो नाही, आणि ते काही न बोलता पुन्हा तिकिटाच्या रांगेत जाऊन उभे राहायचे.

आता पाडवा येतोय. एका पाडव्याला मला कडुलिंबाची गोळी गिळवत नव्हती आणि तू कुणाला न दाखवता माझ्या मुठीत गूळ दिला होतास. माझी मुलगीही तशीच तोंड वाकडं करते, आणि मीही तिच्या मुठीत गूळ देते. ही युक्ती बडोद्याच्या आत्याची, हे तिला ठाऊक आहे.

नवं वर्ष तुला शांततेचं जावो. तुझी प्रकृती चांगली राहो, मनाला स्वस्थता लाभो, हीच देवाजवळ प्रार्थना. आम्हां सगळ्यांना तुझे आशीर्वाद असू देत.

मुलगी जूनमध्ये बडोद्याला फाइन आर्ट्सच्या प्रवेशासाठी प्रयत्न करणार आहे. राहायचं वसतिगृहातच बघतो आहोत. तुला चालणार असेल तर ती एकदा नमस्काराला येऊन जाईल.

घरातील सर्वांस यथायोग्य. लोभ असावा.

तुझी भाची

काही गोष्टींची कारणं सांगते, कारण पत्र वाचून तुमच्या घरातलं कुणीतरी शंका काढेलच.

वर ‘॥ श्री ॥’ चालतो. तो मृत्यू कळवणाऱ्या पत्रावर घालत नाहीत, आणि हे ते पत्र नाही. कोपऱ्याला हळदकुंकवाची बोटं मात्र लावू नका, तो मान मंगलकार्याच्या पत्राचा.

तिथी आणि शक मी मुद्दाम गाळले आहेत. १९ मार्च २०२६ ला, गुरुवारी, पाडव्याला शके १९४८ सुरू होतं. पण पत्र वेळेत पोहोचायचं तर तुम्ही ते फाल्गुनात लिहिणार, आणि तेव्हा शके १९४७ च चालू असेल. उत्साहात वर १९४८ टाकलं तर पंचांग बघणारं एखादं म्हातारं माणूस चूक नेमकी पकडेल. संवत्सराचं नावही नको. येणाऱ्या संवत्सराचं नाव ‘पराभव’ आहे. साठ नावांचं चक्र ठरलेल्या क्रमाने फिरतं, त्यात भाकीत काही नाही, पण ‘पराभवनाम संवत्सर सुखाचे जावो’ हे वाक्य दुःखाच्या घरी कशाला पाठवायचं?

नुसतं ‘नववर्ष’ न लिहिता ‘पाडवा’ लिहिलंय ते बडोद्यासाठी. तिथे आजूबाजूचं नवं वर्ष दिवाळीनंतर, कार्तिकात बसतं. आत्याला सांगायला नको, पण पत्र वाचून दाखवणारी नातसून किंवा शेजारीण गुजराती असेल तर ‘पाडवा’ म्हटल्यावर घोळ होत नाही.

‘घरातील सर्वांस यथायोग्य’ ही सोय जुन्या माणसांनी फार विचार करून ठेवली आहे. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, सगळं त्यात बसतं. तुम्हाला त्या घरातली आजची सगळी नावं माहीत नसणार. चार नावं लिहिलीत आणि सून राहिली, तर पुढची दहा वर्षं ते ऐकावं लागेल. आणि शेवटी ‘लोभ आहेच, तो वाढावा’ असं लिहायचा मोह होईल. इतक्या वर्षांच्या गॅपनंतर ‘आहेच’ म्हणायला जीभ कचरायला हवी. ‘लोभ असावा’ यात विनंती आहे, तीच ठेवा.

पाकिटावर पत्ता लिहिताना जपा. जुन्या डायरीतून पत्ता उतरवताना नावाआधीचं ‘सौ.’ जसंच्या तसं उतरतं, आणि पत्र उघडण्याआधीच घाव बसतो. ‘श्रीमती’ लिहा.

पत्र हाताने लिहा आणि पोस्टाने पाठवा. व्हॉट्सअॅपवर ते नातवाच्या फोनवर पाडव्याच्या सकाळी पन्नास गुढ्यांच्या चित्रांखाली गाडलं जाईल. साधा कागद, काळी शाई, अक्षर नेहमीपेक्षा मोठं, ओळींत अंतर. तारखेच्या आठवडा-दहा दिवस आधी पेटीत पडलं पाहिजे. सोबत साखरेच्या गाठी पाठवायचा विचार मनात आला असेल, तर तो यंदा सोडा. जांभळी नाक्यावर त्या टांगलेल्या दिसल्या की हात जाईल, पण कुरिअरमध्ये त्यांचा चुरा होतो, आणि त्या घरात यंदा गुढी आहे की नाही हेच आपल्याला माहीत नाही.

मग पाडव्याच्या संध्याकाळी फोन करा. सकाळी नको. तेव्हा तुमच्याकडे खाली स्वागतयात्रेचे ढोल वाजत असतात आणि ते फोनमधून थेट तिच्या खोलीत जातात. दुपारी ती पडलेली असेल. पाच-साडेपाचला करा. दुःखाच्या घरी सणाच्या दिवशी फोन कमी वाजतो, लोकांना काय बोलावं कळत नाही. तुम्ही ‘शुभ पाडवा’ने सुरुवात करू नका. ‘आत्या, मी ठाण्याहून बोलतेय, पत्र मिळालं का?’ एवढं पुरे. ती रडली तर घाईघाईने विषय बदलू नका, आणि ‘फोन का नाही केलास तेव्हा’ असं तिने विचारलंच तर ‘चुकलं माझं’ म्हणून थांबा. पत्र अजून पोहोचलं नसेल तर त्यातला मजकूर फोनवर सांगून टाकू नका, तिला तो कागदावरच मिळू दे.

उत्तर आलं नाही तरी लगेच दुसरं पत्र नको. मुलगी जूनमध्ये जाणार असेल तर मेअखेरीस एक फोन करून ‘ती येऊन जाऊ दे का’ एवढं विचारा आणि ‘नको’ आलं तर ते ‘नको’च समजा. वर्षश्राद्धाची तिथी वडिलांकडून आत्ताच काढून ठेवा. यंदा ज्येष्ठ अधिक असल्यामुळे श्रावण ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतोय. गेल्या वर्षीच्या तारखेवर विसंबलात तर तुमचा फोन तीनेक आठवडे आधीच जाईल.